आठव्या महिन्यात बाळ रात्री सोडत नाही तेव्हा: धीर द्यायचा, पण नवी सवय लावायची नाही

सातव्या महिन्यापर्यंत दहा मिनिटं थोपटलं की झोपणारं बाळ आठवा लागला की रंग बदलतं. अंथरुणावर टेकवायला वाकलात की गळ्यातली ओढणी मुठीत पकडतं, पाय पोटाशी घेतं आणि तुम्ही हात काढायच्या आत भोकाड पसरतं. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रडू दे, आपोआप झोपेल. दुसरा म्हणतो, लहान जीव आहे, घे खांद्यावर. पहिल्याचं ऐकलं तर बाळ घाबरतं. दुसऱ्याचं ऐकलं तर पंधरा दिवसांत रात्री चार वेळा खांद्यावर टाकून फेऱ्या मारायची वेळ येते.

दोन्हींच्या मधून जाणारी वाट पुढे दिली आहे. ती साधारण सात ते दहा महिन्यांच्या अशा बाळांसाठी आहे, जी आधी बऱ्यापैकी झोपत होती आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत बिघडली. बाळ पहिल्यापासून अंगावर पिता पिताच झोपत असेल आणि तुम्हा दोघांना त्याचा त्रास नसेल, तर याच काळात ते बदलायला जाऊ नका. इथे ‘नवी सवय’ म्हणजे या रडण्यामुळे घाईघाईत सुरू झालेली गोष्ट: फेऱ्या, मोबाइलवरची गाणी, मध्यरात्री स्कूटरवरून चक्कर, बंद केलेलं रात्रीचं दूध पुन्हा सुरू करणं.

हे का होतं

घरी करून बघा. बाळासमोर खुळखुळा ठेवा आणि त्यावर रुमाल टाका. पाच महिन्यांचं बाळ बहुधा दुसरीकडे बघू लागतं. त्याच्या लेखी खुळखुळा संपला. आठ-नऊ महिन्यांचं बाळ रुमाल ओढतं. वस्तू डोळ्यांआड गेली तरी ती कुठेतरी असते, हे त्याला कळू लागलेलं असतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्याच मुलांवर असे प्रयोग करून हे नोंदवलं. त्यांना आणखी एक गंमत दिसली. खुळखुळा दोनदा डाव्या रुमालाखाली लपवला आणि मग बाळाच्या डोळ्यांदेखत उजव्याखाली ठेवला, तरी या वयाचं बाळ अनेकदा डावाच रुमाल उचलतं.

आता खुळखुळ्याच्या जागी आई ठेवा. ती खोलीबाहेर गेली तरी ती आहे, हे बाळाला कळतं. पण नेमकी कुठे आहे आणि परत कधी येणार, हे कळत नाही. ‘पाच मिनिटांत येते’ यातल्या पाच मिनिटांना त्याच्या लेखी अर्थ नाही. म्हणून ते बोलावतं, आणि बोलावण्याचं त्याच्याकडे एकच साधन आहे. यात हट्ट नाही, लाडावणंही नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक योग जुळून येतो. नोकरदार आईची मातृत्व रजा 26 आठवड्यांची, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होत असताना ती संपते. नवी घडी बसतेय तोवर आठवा महिना उजाडतो आणि सगळे म्हणतात, आई कामाला लागली म्हणून बाळ बिघडलं. आई घरीच असती तरी हा टप्पा आलाच असता. फक्त दिवसभराच्या ताटातुटीमुळे संध्याकाळी तो जास्त जाणवतो.

आधी खात्री करा

दुराव्याच्या भीतीचं रडणं ओळखू येतं. दिवसाही तुम्ही न्हाणीघरात गेलात की बाळ रडतं, नवखी माणसं दिसली की चिकटतं आणि रात्री उचललं की मिनिटभरात शांत होतं. उचलूनही शांत होत नसेल, आडवं केल्यावर जास्तच कळवळत असेल, कान ओढत असेल किंवा दूध नाकारत असेल, तर कान, घसा, पोट यांपैकी काहीतरी दुखत असण्याची शक्यता जास्त आहे. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक असेल, शू कमी होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दातांच्या नावावर सगळं खपवू नका. दात येताना बाळ किरकिर करतं, पण भरपूर ताप दातांमुळे येत नाही.

आणखी एक कारण याच वयात हमखास घोटाळा करतं. बाळ कठडा धरून उभं राहायला शिकतं, पण खाली बसायला शिकलेलं नसतं. रात्री अर्धवट झोपेत उभं राहतं आणि अडकतं. त्याचा उपाय दिवसा आहे. सोफ्याला धरून उभं असताना खाली खेळणं दाखवा, गुडघ्यामागे हलकेच हात लावून वाकवा आणि बसू द्या. रोज आठ-दहा वेळा केलं की थोड्या दिवसांत जमतं.

दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, पण मीठ-मोहऱ्यांचा धूर झोपायच्या खोलीत नको. झोप लागावी म्हणून गुटीतल्या जायफळाचे वेढे वाढवणं किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध पाजणं मात्र धोक्याचं आहे. ते करू नका.

पहिली पायरी: जाण्यायेण्याचा सराव दिवसा

रात्रीच्या अंधारात बाळाला काही नवं शिकवता येत नाही. दिवसा, पोट भरलेलं आणि मूड चांगला असताना शिकवा. पदराआड तोंड लपवून ‘बुवा… कुक!’ हा सगळ्यात सोपा धडा. दोन दिवसांनी दाराआडून करा. मग तोंड न दाखवता आधी फक्त आवाज द्या, म्हणजे दिसत नाही पण ऐकू येते, हे बाळाला कळेल.

त्यानंतर खरोखरीचं जाणं. बाळ खेळत असताना ‘येते हं’ म्हणा, स्वयंपाकघरात जा, दहा सेकंदांत परत या आणि ‘आले बघ’ म्हणा. दिवसातून पाच-सहा वेळा. हळूहळू दहा सेकंदांचं एक मिनिट, मग तीन मिनिटं होऊ द्या. शब्द रोज तेच ठेवा, कारण रात्री हेच शब्द वापरायचे आहेत.

ऑफिसला निघताना घरातली माणसं सुचवतात, ‘ती खेळतेय तोवर गुपचूप सटक.’ नेमकं हेच टाळा. आई न सांगता नाहीशी होऊ शकते, हे एकदा कळलं की बाळ तिच्यावर पहारा ठेवू लागतं, आणि झोप म्हणजे तर पहारा सोडणं. सांगून गेलात तर दोन मिनिटं रडेल, पण निरोप घेतल्याशिवाय आई जात नाही, हे हळूहळू मनात बसेल.

दुसरी पायरी: झोपेची वेळ

धीर देण्याचे सगळे उपाय चुकीच्या वेळी फसतात. 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून 24 तासांत 12 ते 16 तास झोप लागते. आठव्या महिन्यात बरीच बाळं तिसरी डुलकी सोडत असतात. शेवटच्या डुलकीतून उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत साधारण तीन ते साडेतीन तास जावेत, हा अंदाज धरून चला. बाळ सहाला उठलं आणि साडेआठला झोपवायला घेतलं, तर ते झोपेला आलेलंच नसतं. त्याचं रडणं भीतीचं समजून तुम्ही तासभर मदत करत राहता आणि त्या तासात नवी सवय लागते. उलट चारला उठलेलं बाळ साडेनऊपर्यंत जागं ठेवलं तर ते इतकं कावतं की कडेवरही शांत होत नाही.

तिसरी पायरी: शेवटचा अर्धा तास

या अर्ध्या तासाचा क्रम रोज तोच हवा. आधी शेवटचं दूध, दिवा चालू असताना आणि शक्यतो झोपायच्या अंथरुणाबाहेर. मग आलेले दात ओल्या फडक्याने पुसणं, ओल्या कपड्याने अंग पुसून डायपर बदलणं, रात्रीचे सुती कपडे. मग दिवा मंद करून मांडीवर पाच मिनिटं, एकच अंगाई आणि शेवटी एकच वाक्य: ‘आता निजायचं, आई इथेच आहे.’

दूध सुरुवातीला का? दुधावर डोळा लागला की पुढचं काहीच बाळाला कळत नाही. ते मांडीवर झोपतं आणि जागं होतं अंथरुणावर. या वयात झोपेचं एक आवर्तन तासाभराच्या आसपास असतं आणि दोन आवर्तनांच्या मध्ये बाळ थोडं चाळवतं. चाळवताना सगळं झोपताना होतं तसंच असेल तर पुन्हा डोळा लागतो. बदललेलं असेल तर ते दचकून पूर्ण जागं होतं. दुराव्याच्या दिवसांत हा बदल फार जाणवतो, कारण बदललेली गोष्ट म्हणजे आईच असते.

या अर्ध्या तासात बाबा ऑफिसातून येत असतील तर त्यांनी लपाछपी न खेळता क्रमातलं एखादं काम उचलावं. डायपर आणि कपडे रोज बाबांकडे किंवा आजीकडे दिलेत की एकट्या आईवरच झोप अवलंबून राहत नाही.

झोपायची जागा

टांगता पाळणा किंवा साडीची झोळी आता बंद करा. हातांवर-गुडघ्यांवर उठणारं बाळ त्यातून बाहेर पडू शकतं, आणि झोळीचं कापड तोंडावर येऊ शकतं. कठड्याचा पलंग असेल तर गादी सगळ्यात खालच्या खाचेत उतरवा. अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. त्यावर उशी, सैल दुपटं, मऊ खेळणी नकोत. आईची ओढणी बाळाजवळ ठेवायचा सल्ला ऐकू येतो, पण वर्षाच्या आत सैल कापड झोपेत जवळ नको. बाळाला निजवताना पाठीवर ठेवा. ते स्वतः कुशीवर वळलं तर परत उलटवायची गरज नाही.

चौथी पायरी: खाली ठेवणं आणि धीर देणं

इथेच सगळी मेख आहे. शांत करणं आणि झोपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शांत तुम्ही हवं तितकं करायचं, अगदी वीसदा उचलून घेतलं तरी चालेल. झोपायचं मात्र बाळाने, अंथरुणावर. कडेवर रडणं थांबलं, हुंदके विरले, श्वास एका लयीत आला, अंग सैल पडलं, की खाली ठेवा. यात दोन ते पाच मिनिटं जातात. पापण्या मिटायची वाट बघत आणखी दहा मिनिटं फेऱ्या मारल्यात, की तुम्ही शांत करण्याकडून झोपवण्याकडे गेलात.

बाळाला जागं असतानाच खाली ठेवा आणि एक हात छातीवर किंवा पोटावर ठेवा. ते वाक्य म्हणा. कुरकुर सुरू झाली तर मिनिटभर काहीच करू नका. कुरकुर चढत-उतरत असते, मध्ये थांबते; त्यातून पुष्कळदा झोपच लागते. रडणं चढतच गेलं तर मात्र थांबू नका. आधी फक्त आवाज, मग हात, मग सावकाश थोपटणं, आणि एवढ्याने नाही भागलं तर उचला. शांत झालं की पुन्हा खाली. खालच्या पायरीवर भागत असेल तर वरची चढायची नाही. रात्री दोनला तुम्हाला जे पुढचे कित्येक आठवडे करता येणार नाही, ते आठ वाजताही करायचं नाही, एवढी एक कसोटी जवळ ठेवा.

काही बाळं उचल-ठेव केली की उलट चिडतात. प्रत्येक वेळी खाली ठेवणं हा त्यांना नवा दुरावा वाटतो. तीन-चार वेळा उचलून रडणं वाढतच गेलं तर उचलणं सोडा. शेजारी बसा, वाका, हात अंगावर ठेवा आणि तिथेच राहा.

आई त्याच गादीवर झोपते अशा घरात जागा बदलायची गरज नाही. फक्त बाळाचा डोळा लागेपर्यंत आईने बसून राहावं. शेजारी आडवं झालं की दूध मागणं सुरू होतं. मोठी माणसं त्याच गादीवर असतील तर त्यांची पांघरुणं-उशा बाळापासून लांब ठेवा, भिंत आणि गादी यांत फट राहू देऊ नका, आणि दारू किंवा गुंगीचं औषध घेतलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. सगळ्यात सुरक्षित म्हणजे त्याच खोलीत बाळाचं वेगळं सपाट अंथरूण.

पाचवी पायरी: मदत काढून घेणं

बऱ्याच घरांत चौथी पायरी जमते आणि पाचवी विसरली जाते. मग अंगावरचा हात हीच नवी सवय होते. पहिल्या तीन रात्री हात अंगावर. पुढच्या तीन रात्री हात गादीवर, बाळाला दिसेल असा. त्यानंतर तीन रात्री हातभर लांब बसायचं, मग दाराशी. एखाद्या रात्री बाळ जास्त रडवेलं असेल तर एकच घर मागे या, सुरुवातीला नको.

दाराशी पोहोचलात की दिवसाचा सराव कामी येतो. ‘पाणी पिऊन येते हं’ म्हणा आणि रडायच्या आत परत या, आधी दहा सेकंदांत, मग तीस, मग दोन मिनिटांत. रडल्यावरच आलात तर रडलं की आई येते, असा हिशेब जुळतो. न रडताही आई येते हे दिसलं की बोलवायची निकड कमी होते.

एक नमुना

समजा, साडेआठ महिन्यांची मुलगी. दिवसा आजीकडे, आई सातला घरी. दोन आठवड्यांपासून रात्री नऊला फेऱ्या सुरू, चाळीस मिनिटांनी झोप, ठेवताच जाग. रात्री साडेअकरा, दोन आणि चारला पुन्हा तेच, आणि शांत व्हावी म्हणून दर वेळी अंगावर घेणं. संध्याकाळी आई दमून येईल म्हणून आजी तिला सव्वासहापर्यंत झोपू देते.

इथे पहिला बदल आजीच्या वेळेत: मुलीला पाचला उठवायचं. दुसरा, आईने सातला हातपाय धुऊन मोबाइल लांब ठेवून वीस मिनिटं जमिनीवर तिच्याबरोबर बसायचं. दिवसभराची तहान इथे थोडी भागली तर अंथरुणावर तेवढी ओढाताण होत नाही. साडेसातला मऊ भात, आठला दूध, साडेआठला अंथरूण.

रात्रीच्या दुधाचं आधीच ठरवायचं, झोपेत नाही. वजन नीट वाढतंय, दिवसा वरचं खाणं आणि दूध व्यवस्थित आहे, तर इथे एक दूध ठेवू: रात्री एकनंतर पहिल्यांदा उठेल तेव्हा. ते पाजून जागी असतानाच खाली. साडेअकराला आणि चारला फक्त धीर, त्याच चढत्या पायऱ्यांनी, दिवा न लावता, गप्पा न मारता. बाळ कमी दिवसांचं जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल तर हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच.

पहिल्या रात्री दहा-बारा वेळा उचलावं लागलं आणि पाऊण-एक तास गेला तर बिचकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणं वाढूही शकतं. जुनी युक्ती चालत नाही हे कळल्यावर बाळ ती जोर लावून वापरून बघतं. नेमक्या याच रात्री आजोबा बाहेरून म्हणतात, ‘किती रडवताय तिला!’ आणि कोणीतरी खांद्यावर घेऊन फेऱ्या सुरू करतं. त्यातून बाळ एवढंच शिकतं की वीस मिनिटं लावून धरलं की फेऱ्या मिळतात. कधी मिळतं, कधी नाही, अशी गोष्ट सगळ्यात चिवट होते. म्हणून पहिल्या रात्रीच्या आधी चढत्या पायऱ्या आणि दुधाची वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला सांगा. रोज नेटाने केलं तर आठवड्याभरात उचलण्याची संख्या कमी झालेली दिसायला हवी. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर आधी डुलक्यांच्या वेळा तपासा, आणि त्या बरोबर असतील तर बाळ डॉक्टरांना दाखवा.

ताप, गाव, लग्नघर

मध्येच ताप आला तर सगळे नियम गुंडाळून ठेवा. बाळ मागेल तसं कडेवर घ्या, मागेल तेव्हा पाजा. गावी किंवा लग्नघरी गेलात तर अंगाई आणि ते एक वाक्य एवढं तरी सोबत न्या; बाकीचं जमेल तसं. ताप उतरून दोन रात्री गेल्या किंवा घरी परतलात, की तिसऱ्या रात्री जिथे थांबला होतात त्याच्या एक घर मागून सुरू करा, म्हणजे दाराशी बसत असाल तर हातभर अंतरावर. आजारपणात लागलेली सवय तिथल्या तिथे मोडली तर तीन-चार रात्रींत सुटते. ‘अजून अशक्त आहे’ म्हणून महिनाभर चालू ठेवली, तर मात्र पुन्हा पहिल्या रात्रीपासून सगळं करावं लागतं.